पेस्टल निळा मारला आणि केस मिंट हिरवे दिसायला लागले, ते कसं सुधारलं

बहिणीला फिकट निळे केस हवे होते, तिचा ब्लीच केसांच्या उजळपणाच्या मोजणीत साधारण लेव्हल नऊचा, म्हणजे उजेडात बघितलं की पिवळा स्पष्ट कळतो. सलूनमध्ये त्यावरच निळा लावला आणि निघाला मिंट हिरवा. डायरेक्ट डाय, म्हणजे डेव्हलपर न मिसळता थेट केसांवर लावायचा रंग, पारदर्शक असतो, तो केस उजळवत नाही, त्यामुळे खालचा पिवळा त्यात मिसळणारच. फिकट निळ्याला लेव्हल दहाच लागते, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिका रंग.

मी आधी क्लॅरिफायिंग शाम्पूने हिरवा जमेल तेवढा उतरवला. मग पुन्हा ब्लीच न करता (टोकं आधीच कोरडी होती) जांभळा डाय भरपूर पांढऱ्या कंडिशनरमध्ये अगदी फिकट करून काही मिनिटं लावला, पिवळा बराच दबला.

नंतर निळा, एक भाग डायला दहा भाग कंडिशनर, त्यात जांभळ्याचा एक थेंब. कंडिशनर साधा, पांढरा, जास्त सिलिकोन नसलेला घ्या. वाटीतला रंग हवा त्यापेक्षा किंचित गडद ठेवा. एक बट आधी रंगवून, धुवून, सुकवून बघाच, ओल्यावर रंग गडद दिसतो. टोकं रंग जास्त पकडतात म्हणून तिथे मिश्रण शेवटी लावलं.

आता निळा निळाच दिसतोय, फक्त मुळाशी जरा राखाडी झाक आहे. तुमचा बेस नऊच असेल तर पीच किंवा कोरल घ्या, पिवळा त्यात खपून जातो.