"तुमचा अनुभव जास्त आहे" असा निरोप आला, तर उत्तर कसं लिहावं

मुंबई-पुण्यात पंधरा-वीस वर्षं नोकरी करून रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे परतलेल्या माणसाला इथल्या कारखान्यातून एक निरोप हमखास येतो. "बायोडाटा चांगला आहे, पण या जागेसाठी तुमचा अनुभव जास्त होतो." बरेच जण तो वाचून गप्प बसतात. काही जण रागाने लिहितात की अनुभव जास्त असणं हा गुन्हा आहे का. मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्यात अकरा वर्षं माणसं निवडली आणि हा निरोप कितीतरी जणांना पाठवला. पाठवताना आमच्या मनात काय असायचं ते आधी सांगतो, कारण उत्तर त्याला द्यायचं असतं.

तुम्हाला काम येईल याबद्दल आम्हाला शंका नसायची. शंका असायची ती तुम्ही किती दिवस राहाल याची. चाकरमानी गावी आला, गणपती झाले, शिमगा झाला, आणि तिकडून बरा फोन आला की कोकणकन्या पकडून परत गेला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आंब्याच्या कारखान्यात तर एप्रिल ते जून हेच वर्ष असतं. मेच्या मध्यावर केमिस्ट निघून गेला तर त्याच्या जागी नवा माणूस तयार करायला वेळच नसतो. दुसरी भीती अशी, की मोठ्या पदावरून आलेला माणूस इनचार्जचं ऐकणार नाही. इनचार्ज वयाने लहान असेल तर ही भीती जास्तच. तिसरी भीती पगाराची. आज कमी पैशांत येईल आणि सहा महिन्यांनी कुरकुर करील.

म्हणजे तो निरोप तुमच्या भविष्याबद्दलचा अंदाज असतो. अंदाज खोडायला समोरच्याला तपासून पाहता येतील अशा गोष्टी द्याव्या लागतात. "मी मनापासून काम करीन" हे वाक्य तपासता येत नाही, म्हणून ते कितीही खरं असलं तरी उपयोगी पडत नाही.

आधी स्वतःला विचारा

उत्तर लिहायच्या आधी जाहिरात पुन्हा काढा आणि त्या कामाचा एक दिवस कागदावर तासातासाने लिहा. सकाळी आल्यावर काय, जेवणाआधी काय, पाळी संपताना काय. लिहिताना तुम्ही "इथे पद्धत बदलायला हवी", "हे काम दुसऱ्याला द्यायला हवं" असं मांडायला लागलात, तर तुम्हाला ही जागा नको, तिच्या वरची हवी आहे. मग उत्तर पाठवू नका. पाठवलंत आणि जागा मिळाली, तर आमचा अंदाज बरोबर ठरेल आणि तुमचं वर्ष फुकट जाईल.

दिवस लिहून झाल्यावरही ते काम करावंसं वाटत असेल, तर त्यातलं नेमकं काय आवडतं ते एका ओळीत लिहून ठेवा. ही ओळ पुढे पत्रात जाणार आहे.

निरोप नीट वाचा

"जागा भरली आहे" असं स्पष्ट लिहिलं असेल तर खुलासा करण्यात अर्थ नाही. पुढे जागा निघाली तर कळवा, एवढं लिहून थांबा. फक्त "अनुभव जास्त वाटतो" एवढंच असेल तर दार अजून लागलेलं नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर द्या, आणि ज्या मार्गाने निरोप आला त्याच मार्गाने द्या. व्हॉट्सॲपवर आला असेल तर व्हॉट्सॲपवर, मराठीत आला असेल तर मराठीत. मजकूर दीडशे-दोनशे शब्दांत बसवा. छोट्या कारखान्यात तो मालक स्वतः फोनवर वाचतो, बहुतेक वेळा काम चालू असतानाच.

पत्र लिहिणं

एका अर्जाचं उदाहरण घेऊ. अर्जदार बाई बेचाळीस वर्षांच्या. नवी मुंबईतल्या एका खाद्यपदार्थ कंपनीत क्वालिटी विभागाच्या प्रमुख होत्या, हाताखाली चौदा माणसं, पगार अठ्ठ्याहत्तर हजार. अर्ज शिफ्ट केमिस्टच्या जागेसाठी, पगार अठ्ठावीस ते बत्तीस हजार. निरोप आल्यावर त्यांनी आधी असं लिहिलं होतं: "मी कोणतंही काम करायला तयार आहे. पगाराची अपेक्षा नाही. कृपया एक संधी द्यावी." हे वाचून मालकाची शंका वाढते. कोणतंही काम चालणारा माणूस अडचणीत असतो, आणि अडचण सरली की तो जातो. "पगाराची अपेक्षा नाही" यावर तर कोणाचाच विश्वास बसत नाही.

मग तेच पत्र त्यांनी असं लिहिलं:

"नमस्कार साहेब,

कालचा निरोप मिळाला. कारण स्पष्ट कळवलंत, त्याबद्दल आभार. जास्त अनुभवाचं माणूस टिकेल का, ही शंका रास्त आहे, म्हणून थोडं लिहिते.

आम्ही जूनमध्ये पावसला कायमचे राहायला आलो. खारघरची भाड्याची जागा सोडली आहे आणि मुलगी इथल्याच शाळेत आठवीत आहे.

काम शिफ्ट केमिस्टचं आहे हे मला माहीत आहे. पल्पचा ब्रिक्स, पीएच आणि आंबटपणा तपासणं, डब्यांचं सीमिंग मोजणं, रजिस्टर भरणं आणि हंगामातली रात्रपाळी, हे सगळं मी स्वतः करीन. मी तुमच्या क्वालिटी इनचार्जच्या हाताखाली असेन. लॉट सोडायचा की थांबवायचा हे ते ठरवतील. गेली सहा वर्षं माझे दिवस ऑडिट आणि मीटिंगमध्ये गेले; टेबलावर उभं राहून तपासण्या करणं हे मला आवडणारं काम माझ्या हातून सुटलं होतं. या जागेत ते परत मिळेल म्हणून अर्ज केला.

जाहिरातीतला पगार मान्य आहे. पुढचे दोन आंबा हंगाम मी पूर्ण करीन आणि मार्च ते जून या काळात राजीनामा देणार नाही. आधी तीन महिने चाचणीवर घेतलंत तरी चालेल.

या आठवड्यात दहा मिनिटं वेळ देऊ शकलात तर येऊन भेटते."

या पत्रातल्या दोन जागांवर थोडं थांबतो, कारण बाकीचं पत्र त्यांच्यावर उभं आहे.

पहिली जागा लहान काम स्वीकारण्याची. "लहान पद चालेल" असं लिहिणं सोपं असतं. या बाईंनी कामांची नावं लिहिली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या हातून कोणता अधिकार जाणार तेही लिहिलं. आधीच्या नोकरीत लॉटवर त्यांची सही व्हायची, इथे इनचार्जची होईल. ही ओळ वाचताना मालकाच्या डोळ्यांसमोर त्याचा इनचार्ज येतो आणि दुसरी भीती बरीच कमी होते. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर तुमच्या हातून जाणारी गोष्ट शोधा. हॉटेलात मॅनेजर होतात आणि रिसेप्शनच्या जागेसाठी अर्ज केलात, तर दर ठरवणं आणि सूट देणं तुमच्याकडे राहणार नाही. बँकेतून पतसंस्थेत जात असाल, तर कर्जमंजुरी तुमच्याकडे राहणार नाही. ते नाव घेऊन लिहा.

पण एक मर्यादा ठेवा. "मी काहीच बोलणार नाही" असं वचन देऊ नका. पल्पचा पीएच ४.६ च्या वर गेला तर डब्यात घातक जंतू वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा केमिस्टने बोललंच पाहिजे. विचारलं गेलं तर सांगा: दिसलेलं रजिस्टरला नोंदवीन, इनचार्जना लगेच सांगीन, निर्णय ते घेतील.

दुसरी जागा मुदतीची. "आता कायम इथेच" हे वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं असतं, पण असं वचन कोणी देऊ शकत नाही हे मालकाला कळतं. दोन हंगाम हे माप त्याच्या धंद्याचं आहे, आणि ते पाळलं की नाही हे त्याला दिसणार आहे. मार्च ते जूनची ओळ तर थेट त्याच्या सगळ्यात मोठ्या भीतीवर लिहिलेली आहे. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात अर्ज करत असाल तर पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होऊन ३१ जुलैपर्यंत असते. तिथे बंदी उठल्यानंतरच्या महिन्यांचा विचार करा. हॉटेलात मे महिना आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या. ज्या धंद्यात जात आहात तिथे माणूस कधी गेला तर जास्त अडतं, हे इथल्या कोणालाही विचारलं तर कळतं. पाळता येईल तेवढीच मुदत मात्र द्या.

परत येण्याचं कारण दोन ओळींत संपवा. सासूबाईंचं आजारपण, घराचे हप्ते, आधीच्या साहेबांशी झालेलं भांडण यातलं काही लिहू नका. शाळा, सोडलेली भाड्याची जागा, लावलेली बाग अशा दिसणाऱ्या गोष्टी पुरतात.

बायोडाटा कापू नका

काही जण सल्ला देतात की वरची पदं आणि पदव्या काढून टाका, म्हणजे असा निरोप येणारच नाही. हे करू नका. नव्या नोकरीत भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरताना आधीचा यूएएन द्यावा लागतो, आणि आधीची नोकरी तिथून समोर येऊ शकते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी तर कोणाचा मेहुणा कुठे होता हे चहाच्या टपरीवरही कळतं. लपवलेलं बाहेर आलं की टिकण्याबद्दलची शंका खरेपणाबद्दलची होते, आणि त्यावर पत्राने काही करता येत नाही. मांडणी बदलायला हरकत नाही: प्रयोगशाळेतलं प्रत्यक्ष काम वर घ्या, माणसं सांभाळल्याचा भाग एका ओळीत आणा.

पाठवल्यानंतर

आठ दिवस थांबा. मग एकदा फोन करा, आणि हंगाम चालू असेल तर माल उतरण्याची वेळ टाळून करा. तरीही काही कळलं नाही तर तिसऱ्यांदा विचारू नका. काही वेळा "अनुभव जास्त" हे सभ्य निमित्त असतं. जागा आधीच ओळखीच्या माणसाला दिलेली असते. पत्रातल्या एकाही मुद्द्यावर प्रश्न न येता तोच निरोप परत आला, तर तसं समजा आणि पुढच्या अर्जाला लागा.

बोलावणं आलंच, तर एक प्रश्न ठरलेला असतो: "वर्षभराने वरची जागा निघाली तर?" घाईने "नको" म्हणू नका, ते खोटं वाटतं. त्या बाईंनी सांगितलं, "तुम्ही विचारलंत तर विचार करीन. मी स्वतः दोन हंगाम होईपर्यंत विषय काढणार नाही." मालकाने पुढचा प्रश्न विचारला तो रात्रपाळीला पावसहून येणार कशा, हा. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून गाडीची सोय करून दोन दिवसांनी त्या पुन्हा भेटल्या.