गणपतीतला फॅमिली फोटो: कपड्यांच्या रंगात या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर मीच मेसेज टाकला होता, "सगळ्यांनी पिवळं घाला, मस्त दिसेल." आणि सगळ्यांनी खरंच पिवळं घातलं. मागे झेंडूच्या माळा, माळांच्या मागे पिवळा पडदा, गणपतीला पिवळं पितांबर. फोटोत आईचा चेहरा आणि दोन हात तेवढे दिसतायत, साडी झेंडूत गेली. आणि काका ऐनवेळी पोपटी टीशर्टात आले म्हणून बघणाऱ्याची नजर गणपतीच्या आधी काकांवर जाते 😄

म्हणजे चूक पिवळ्याची नव्हती, आधी कपडे ठरवले आणि आरास नंतर बघितली ही होती. आधी मखर बघा. मागे झेंडू-केशरी असेल तर पिवळा, केशरी, हळदी हे रंग कमी करा आणि मोरपंखी, डाळिंबी, जांभळा, गडद हिरवा घ्या. मागे पांढरी जाळी असेल तर मोतिया आणि क्रीमवाले हरवतात. लाल मखमलीचा पडदा असेल तर मरून साडी नको, तिथे उलट मोतिया आणि पिस्ता छान उठून दिसतात.

ओळखायचं कसं? आदल्या रात्री आरास झाली की लाइट लावून तिथे सगळ्यांचे कपडे हँगरवर धरा, मोबाईलने फोटो काढा आणि त्याला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. जो कपडा मागच्या पडद्याएवढाच राखाडी दिसतो तो फिका पडण्याची शक्यता जास्त. रंग खूप वेगळे असतील तर चालून जातं, पण पिवळ्यावर केशरी अशी जवळची जोडी असेल तर नक्की बदला.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना एकच रंग, किंवा मग ज्याला जे आवडेल ते. दोन्हीच्या मधलं म्हणजे घरातली सगळ्यात भारी साडी समोर ठेवा आणि तिच्यातूनच रंग उचला. यंदा आम्ही तेच केलं. आईची डाळिंबी पैठणी, काठ हिरवा. त्यावरून तीन रंग निघाले, डाळिंबी, गडद हिरवा आणि सोबतीला मोतिया. बाबांना मोतिया झब्बा, काकूला मोतिया साडी पण डाळिंबी काठाची, काकांना गडद हिरवा कुर्ता (टीशर्ट बंद!), भावाला पण मोतिया कुर्ता पण खांद्यावर हिरवं उपरणं, आजीला तिची मोरपंखी इरकल. मोरपंखी यादीत नव्हता, पण हिरव्याच्या जवळचा आहे आणि आजीला साडी बदलायला सांगायची हिंमत कोणाची नव्हती. छोट्या भाचीला हिरवा खणाचा परकर. मला डाळिंबी कुर्ता आणि मी आईपासून लांब, दुसऱ्या टोकाला, कारण दोन डाळिंबी शेजारी आले की एकच मोठा ठिपका दिसतो. मोतियावाले तिघे पण एकत्र नाही उभे केले, गडद रंगांच्या मधेमधे घातले.

बुट्ट्यांचं बघा हां. मोठे काठ, मोठं डिझाइन एका-दोघांनाच, बाकी प्लेन. शर्टवर बारीक चेक्स किंवा बारीक रेघा असतील तर मोबाईलच्या फोटोत त्यांच्यावर विचित्र लाटा येतात, ते टाळाच.

लाइटचं मात्र सगळेच विसरतात. मखराच्या रंग बदलणाऱ्या एलईडी माळा चालू असल्या की मोतिया झब्बा कधी जांभळा, कधी हिरवा दिसतो, कारण फिक्या कापडावर लाइटचा रंग लगेच चढतो. फोटोपुरत्या त्या बंद करा आणि ट्यूबलाइट किंवा पिवळे बल्ब यातलं एकच काहीतरी ठेवा. दोन्ही चालू असले की अर्धी माणसं पिवळी आणि अर्धी निळसर, नंतर एडिट करूनही नीट होत नाही. जरी आणि सॅटिनवर फ्लॅश मारला की पांढरे डाग येतात, त्यापेक्षा दुपारी खिडकीतल्या उजेडात काढलेला बरा.

आणि काळा? पूजेच्या दिवशी आमच्याकडे मोठी माणसं घालू देत नाहीत, तो संक्रांतीला. तसंही काळ्याच्या घड्या मोबाईलमध्ये दिसत नाहीत, नुसता काळा गठ्ठा येतो.

सगळं ठरवूनही एक पाहुणा भडक नारंगी शर्टात येणारच. त्याला घरी पाठवू नका. मागच्या रांगेत, कडेला पण टोकाला नाही, गडद हिरव्यावाल्याच्या मागे उभा करा म्हणजे शर्टाचा वरचा तुकडाच दिसतो, आणि वर मोतिया उपरणं टाका. उपरणी दोन-तीन जास्तीची ठेवा घरात. पिवळी साडी नेसून कोणी आलंच तर तिला झेंडूपासून चार पावलं पुढे आणा, नाहीतर खुर्चीवर बसवून मागे गडद कपड्यातला माणूस उभा करा, साडी लगेच सुटी दिसते.

यंदा काका हिरव्या कुर्त्यात आले खरे, पण खाली पोपटी मोजे होते. फोटो कमरेपर्यंतच काढला.