गार्डचा ड्युटी चार्ट कसा लावावा, म्हणजे रात्री अकराला पॉइंट रिकामा राहणार नाही

चार्ट लावायला बसलेल्या नव्या सुपरवायझरला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "रविवारी सगळ्यांची शिफ्ट बदलून टाक, लक्षात ठेवायला सोपं." मी तो सल्ला दोन वर्षं पाळला. तिसऱ्या वर्षी एका शनिवारी रात्री त्याची किंमत कळली.

साइट एमआयडीसीतल्या एका कारखान्याची. पॉइंट तीन: मेन गेट, मटेरियल गेट आणि मागचं शेड. शिफ्ट नेहमीच्या, सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. मी नाइट सुपरवायझर, आणि चार्टही मीच लावायचो.

माणसं मोजणं सोपं आहे. तीन पॉइंट गुणिले तीन शिफ्ट, म्हणजे रोजच्या नऊ ड्युट्या, आठवड्याच्या ६३. एक माणूस आठवड्याला सहा ड्युट्या करतो. ६३ भागिले सहा म्हणजे साडेदहा, म्हणून अकरा माणसं हवीत. एजन्सीनं दहा दिली असतील तर आठवड्याला तीन डबल ड्युट्या ठरलेल्या आहेत, मग चार्ट कितीही सुंदर काढा. हे फील्ड ऑफिसरला लेखी कळवा आणि पुढे चला. चार्टची वही, रजेचे अर्ज, सगळ्यांचे फोन नंबर हे तुमच्याकडे असणारच.

आता जिथे मी आपटलो ते.

माझ्या चार्टमध्ये आडव्या ओळीत तारखा, उभ्या रांगेत नावं आणि चौकटीत एकेक अक्षर असायचं. फर्स्टला फ, सेकंडला से, नाइटला ना आणि सुट्टीला ओ. मागच्या शेडवर नाइटला एक काका होते, गावाकडून येणारे, वेळेचे पक्के. त्यांच्या रविवारच्या चौकटीत ओ होता. माझ्या हिशेबानं त्याचा अर्थ शनिवारी रात्री अकराला यायचं, रविवारी सकाळी सातला सुटायचं आणि रविवारची रात्र सुट्टी. काकांच्या हिशेबानं रविवार रात्री बाराला सुरू होतो. मग शनिवारी अकराला येऊन तासाभरात सुट्टीच्या दिवशी ड्युटी कोण करतं? त्यांनी शनिवारी दुपारी बायकोला घेऊन गावची एसटी धरली. चूक त्यांची नव्हती. त्या एका अक्षराचे दोन अर्थ होत होते आणि ते अक्षर मी लिहिलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी पॉइंट रिकामा राहायला नको होता, कारण सेकंडचा पोरगा तिथे होता. पण कंपनीची बस अकरा दहाला सुटायची आणि मागचं शेड गेटपासून चांगलं दहा मिनिटांच्या चालीवर. त्यानं अकराला टॉर्च खिळ्याला अडकवली आणि निघाला. काका वाटेत भेटतील असं त्यानं धरलं होतं. अंधारात कोणीतरी सायकलवरून समोरून गेलं, तेच काका असं समजून त्यानं "चाललो हो" म्हणून आवाजही दिला. तो बॉयलरचा हेल्पर होता.

गेटवर मला सेकंडच्या सुपरवायझरनं "आलेत तिघं" म्हणून सांगितलं. मी मान डोलावली, डोकी मोजली नाहीत. बाराचा राउंड मटेरियल गेटवर अडकलेल्या ट्रकच्या भानगडीत राहून गेला. एक चाळीसला मागे गेलो तेव्हा आधी वास आला.

त्या संध्याकाळी शेडच्या पत्र्याला वेल्डिंग झालं होतं. शेवटची ठिणगी साडेदहाची. वेल्डिंगनंतर निदान अर्धा तास, खरं तर तासभर, माणूस तिथे उभा करून नजर ठेवायची असते. पोराला हे माहीत होतं आणि तो अर्धा तास थांबलाही होता. पुढच्या माणसाला सांगायला मात्र पुढचा माणूसच नव्हता. ठिणगी पडली होती मशीन पुसायच्या चिंध्यांच्या गोणीत. तीन तास आतल्या आत धुमसत राहिली. मी पावडरचा सिलिंडर मारला. वरची ज्वाळा गेली, गोणीच्या पोटातली धग तशीच राहिली. शेवटी गेटवरच्या एकाला बोलावून गोण्या ओढून बाहेर काढल्या, फाडल्या आणि बादल्यांनी भिजवल्या. चार गोण्या आणि एक ताडपत्री गेली. डिझेलचे बॅरल तिथून पंधरा पावलांवर होते, म्हणून सकाळी मॅनेजरसाहेबांसमोर माझी जी काही शोभा झाली ती इथे लिहीत नाही.

माझ्यावर ओरडून झाल्यावर त्यांनी एकच कामाचा प्रश्न विचारला. "रविवारी बदलणारी माणसं किती?" सगळीच, नऊच्या नऊ. म्हणजे चूक व्हायची सगळ्यात जास्त शक्यता असलेल्या रात्री प्रत्येक पॉइंटवर नवा चेहरा, आणि काल इथे काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून सगळ्यांची शिफ्ट एकाच दिवशी मी बदलत नाही. कोणी करतो म्हणाला तर त्याच्याशी वाद घालतो.

मग कसं लावायचं? दोन गोष्टी धरून ठेवा. शिफ्ट नेहमी पुढे सरकते: फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून नाइट, नाइटवरून फर्स्ट. उलटं फिरवलं आणि मध्ये सुट्टी नसेल, तर सेकंडवाला रात्री अकराला सुटून सकाळी सातला उभा राहतो. त्या आठ तासांत घरी जायचं, जेवायचं, झोपायचं आणि परत यायचं. असा माणूस पॉइंटवर असतो, जागा नसतो. दुसरी गोष्ट, माणसाची शिफ्ट त्याच्या सुट्टीनंतरच बदलायची. नाइटवरून फर्स्टवर जाताना तर सुट्टी लागतेच. नाहीतर सातला सुटलेला माणूस सातलाच परत उभा करावा लागेल.

आता एक पॉइंट घ्या. अ फर्स्टला, ब सेकंडला, क नाइटला. रिलीव्हर, म्हणजे सुट्ट्यांची जागा भरणारा जादा माणूस, या पॉइंटवर लागोपाठ तीन दिवस येतो, आणि तिन्ही दिवस सेकंडलाच.

सोमवारी ब सुट्टीवर. अ फर्स्ट, रिलीव्हर सेकंड, क नाइट.

मंगळवारी क सुट्टीवर. अ फर्स्ट, रिलीव्हर सेकंड, आणि ब नाइटला येतो.

बुधवारी अ सुट्टीवर. क फर्स्टला येतो, रिलीव्हर सेकंड, ब नाइट.

गुरुवारी अ सेकंडला हजर, रिलीव्हर मोकळा.

तिघांना एकेक सुट्टी मिळाली, तिघांची शिफ्ट पुढे सरकली, आणि एका दिवसात एकाच माणसाची बदली झाली. अ आणि ब यांना मध्ये ४८ तास मिळतात. क मंगळवारी सकाळी सातला सुटतो आणि बुधवारी सातला येतो, म्हणजे २४ तास. थोडे आहेत, पण एक पूर्ण रात्र घरी झोपायला मिळते. हे कागदावर एकदा स्वतः मांडून बघा, नुसतं वाचून विश्वास बसत नाही. मलाही बसला नव्हता.

तोच रिलीव्हर गुरुवार ते शनिवार दुसऱ्या पॉइंटवर जातो आणि रविवारी त्याची सुट्टी. तिसऱ्या पॉइंटला दुसरा रिलीव्हर. त्याचे तीनच दिवस लागतात, उरलेले तीन रजा आणि आजारपणासाठी हातात ठेवा. नऊ अधिक दोन, अकरा. ते तीन दिवस सुरुवातीलाच कुठल्यातरी साहेबाच्या गाडीजवळ उभं राहायला देऊन टाकू नका. मागणी येईलच.

या पद्धतीत एक खोट आहे आणि गार्ड ती पहिल्याच महिन्यात दाखवतील. सुट्ट्यांमधलं अंतर सारखं नसतं. सेकंडमध्ये असताना चार ड्युट्यांनी सुट्टी येते, नाइट आणि फर्स्टमध्ये सात ड्युट्यांनी. सोमवार ते रविवार असा आठवडा धरला तर प्रत्येकात एक सुट्टी पडतेच, पण सलग सात नाइट जड जातात. विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या माणसाला. चार्ट लावण्याआधी हे त्यांना स्पष्ट सांगा.

आता ती अक्षराची भानगड. नाइट ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेची, हा नियम चार्टच्या डोक्यावर लिहा. पण नियम कोणी वाचत नाही, म्हणून नाइटवाल्याच्या सुट्टीच्या चौकटीत नुसतं ओ लिहू नका. वाक्य लिहा: "शेवटची ड्युटी सोम. रात्री ११ ते मंगळ. सकाळी ७. पुढची ड्युटी बुध. सकाळी ७." चौकटीत मावत नसेल तर चौकट मोठी करा. आणि ज्याची सुट्टी आहे त्याच्याकडून ते मोठ्यानं वाचून घ्या. "समजलं ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "मग शेवटचं कधी येणार?" असं विचारलं की खरं बाहेर येतं.

चार्ज देण्याघेण्याचं थोडक्यात. मस्टरवर सही म्हणजे चार्ज नव्हे. चार्ज पॉइंटवर, समोरासमोर. येणाऱ्यानं गेटवर अकराला वीस कमी असताना हजर व्हायचं. टॉर्च, वॉकीटॉकी आणि किल्ल्या हातातून हातात, खिळ्यावर नाही. किल्ल्या मोजून. जाणाऱ्यानं तीन गोष्टी वहीत लिहायच्या आणि तोंडानंही सांगायच्या: आज इथे वेगळं काय झालं, काय उघडं किंवा चालू राहिलंय, आणि कशावर किती वाजेपर्यंत नजर ठेवायची आहे. वेल्डिंग या तिसऱ्यात येतं. पुढचा माणूस आला नाही तर पॉइंट सोडायचा नाही, सुपरवायझरला कळवायचं. वाढलेला वेळ ओव्हरटाइममध्ये दाखवायचा. तो दाखवला नाही तर दुसऱ्या वेळी कोणी थांबणार नाही, आणि तेही बरोबरच.

बसची वेळ बदलून घ्या. हे मला सगळ्यात उशिरा सुचलं. अकरा दहाची बस असेल तर कितीही मेमो काढा, माणूस अकराला बॅग खांद्यावर टाकून उभा असणार. आमची बस अकरा पंचवीसची करून घ्यायला दोन महिने आणि तीन अर्ज लागले.

सुपरवायझरनं साडेदहाला नाइटच्या प्रत्येकाला फोन लावायचा. अकराला स्वतः तिन्ही पॉइंटवरून वॉकीटॉकीवर आवाज घ्यायचा, येणाऱ्याचा, जाणाऱ्याचा नाही. सेकंडचा सुपरवायझर "आलेत सगळे" म्हणाला तर मान डोलवा आणि तरीही आवाज घ्या.

नवा चार्ट गुरुवारी लावा, सोमवारपासून लागू करा. गेटच्या केबिनमध्ये एक प्रत आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर एक फोटो. काकांना फोटो उघडता येत नाही. त्यांची ओळ मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देतो, आणि ते ती डब्याच्या झाकणात ठेवतात.