अल्प रक्कम काढण्यापूर्वीची तयारी : नेटवर्क फी आणि किमान मर्यादा

खात्यात थोडेसेच क्रिप्टो शिल्लक असते, ते काढायला जावे तर विनंती नाकारली जाते, आणि पडद्यावर एवढेच दिसते की रक्कम अपुरी आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबण्याऐवजी प्रथम हे ठरवावे की रक्कम एक्स्चेंजच्या नियमामुळे अडली आहे की ब्लॉकचेनच्या खर्चामुळे. पैसे एक्स्चेंजच्या खात्यात असतील, तर किमान मर्यादा आणि फी दोन्ही एक्स्चेंजने ठरवलेल्या असतात. ज्याची गुप्त शब्दमालिका आपल्याजवळ आहे अशा स्वतःच्या वॉलेटमध्ये ते असतील, तर अडथळा नेटवर्कच्या खर्चाचा असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे ही पहिली नोंद चुकली की पुढची सगळी तयारी व्यर्थ जाते.

पैसे एक्स्चेंजवर असल्यास, विनंती भरण्याआधी त्या नाण्याची आणि त्याच नेटवर्कची किमान काढणी मर्यादा, काढणीची फी आणि ती फी भरलेल्या रकमेतून वजा होते की वरून घेतली जाते, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि नकार बरेचदा तिथेच दडलेला असतो. समजा शिल्लक १०.५ युएसडीटी आहे, किमान मर्यादा १० आहे आणि फी १ आहे. फी रकमेतून वजा होत असेल, तर १०.५ भरता येतात आणि समोर ९.५ पोचतात. फी वरून घेतली जात असेल, तर जास्तीत जास्त ९.५ भरता येतात, ते मर्यादेखाली जातात आणि शिल्लक मर्यादेहून जास्त दिसत असूनही विनंती फेटाळली जाते. शिवाय एक्स्चेंजची फी बहुधा ठरावीक असते. शंभर काढा वा दहा, आकारणी तेवढीच होते, म्हणून लहान रकमेला ती डोईजड ठरते.

फी नडत असेल तर त्याच नाण्यासाठी स्वस्त नेटवर्क उपलब्ध आहे का, हे पाहावे. मात्र नेटवर्क निवडण्यापूर्वी घेणाऱ्या बाजूच्या जमा पानावर नेमके तेच नेटवर्क दिलेले आहे, याची खात्री करावी. TRC20 म्हणजे ट्रॉन नेटवर्कचा पत्ता T ने सुरू होतो आणि इथेरियमचा 0x ने, त्यामुळे या दोहोंची गल्लत सहसा लगेच लक्षात येते. परंतु इथेरियम, पॉलिगॉन, आर्बिट्रम आणि बीएनबी चेन या सर्वांचे पत्ते 0x नेच सुरू होतात, म्हणून तिथे पत्ता योग्य दिसला तरी नेटवर्क चुकीचे असू शकते. त्याच पानावर किमान जमा रक्कमही पाहून ठेवावी. वरच्या उदाहरणातील ९.५ युएसडीटी किमान १० ची जमा मागणाऱ्या खात्यात पाठवले, तर ब्लॉकचेनवर व्यवहार यशस्वी दिसेल, पण खात्यात रक्कम उमटणार नाही.

बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल तर तयारी अधिक बारकाईने करावी लागते, कारण तिथली फी रकमेवर नव्हे, तर व्यवहार ब्लॉकमध्ये किती जागा घेतो यावर ठरते. वॉलेटमध्ये दिसणारी शिल्लक एकसंध नसते. ज्या ज्या वेळी पैसे आले, त्या प्रत्येक वेळचा एक तुकडा त्यात असतो, आणि खर्च करताना प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र जागा मोजावी लागते. bc1q ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरील एका तुकड्याला साधारण ६८ व्हर्च्युअल बाइट, घेणाऱ्याच्या नोंदीला सुमारे ३१ आणि व्यवहाराच्या चौकटीला १०-११ लागतात, हे धरून हिशेब करावा.

१२,००० सातोशी, म्हणजे ०.०००१२ बिटकॉइन, प्रत्येकी ३,००० च्या चार तुकड्यांत जमले आहेत असे मानू. सगळी रक्कम एकाच पत्त्यावर पाठवायची झाल्यास व्यवहार सुमारे ३१४ व्हर्च्युअल बाइटचा होतो. दर प्रति बाइट १० सातोशी असेल तर फी ३,१४० येते आणि ८,८६० पोचतात. दर ४० असेल तर फी १२,५६० होते, म्हणजे रकमेपेक्षाच जास्त, आणि वॉलेट नकार देते. हेच १२,००० एकाच तुकड्यात असते, तर व्यवहार सुमारे ११० बाइटचा झाला असता आणि ४० च्या दरानेही ४,४०० फी जाऊन ७,६०० हाती आले असते. दर ४५ वर गेला की ३,००० चा प्रत्येक तुकडा खर्च करायलाच ३,०६० लागतात, त्यामुळे तो व्यवहारात घेतल्याने हाती येणारी रक्कम वाढण्याऐवजी घटते. म्हणून अशा वेळी वॉलेटमधील तुकड्यांची यादी उघडून पाहावी, चालू दर sat/vB मध्ये तपासावा आणि घाई नसल्यास दर उतरेपर्यंत थांबावे. दर एक-दोनवर असताना हेच चार तुकडे एकत्र केले, तर पुढची काढणी सोपी होते. फी जाऊन उरणारी रक्कम अगदी नगण्य असली, तरी वेगळी अडचण येते. bc1q पत्त्यासाठी २९४ सातोशींपेक्षा लहान नोंद बिटकॉइन कोअरच्या मूळ नियमांनुसार धूळ समजली जाते आणि नोड ती पुढे पाठवत नाहीत.

स्वतःच्या वॉलेटमध्ये टोकन असेल तर गॅससाठी, म्हणजे नेटवर्कच्या फीसाठी, लागणारे मूळ नाणे त्याच पत्त्यावर, त्याच नेटवर्कवर आहे का ते पाहावे. इथेरियमवरील युएसडीटी हलवायला ईथर लागते. युएसडीटीतून गॅस कापला जाईल असे साध्या वॉलेटमध्ये धरून चालू नये. साध्या ईथर हस्तांतरणाला २१,००० गॅस लागतो आणि टोकनला त्याच्या दुपटी-तिपटीने. insufficient funds for gas असा संदेश आला असेल, तर व्यवहार बाहेर गेलेलाच नसतो आणि काही खर्चही झालेला नसतो. व्यवहार क्रमांक मिळून नंतर तो अयशस्वी दिसत असेल, तर मात्र गॅस गेलेला असतो.

हिशेब जुळत नसेल, तर एक्स्चेंजच्या आतच ते नाणे स्वस्त नेटवर्क असलेल्या दुसऱ्या नाण्यात बदलता येते का, किंवा त्याच एक्स्चेंजवरील दुसऱ्या खात्यात ब्लॉकचेनविना अंतर्गत हस्तांतरण करता येते का, हे तपासावे. दोन्ही जमत नसेल तर रक्कम तिथेच वाढू द्यावी. परंतु मर्यादा गाठण्यासाठी किंवा पैसे मोकळे करण्यासाठी आधी अमुक पत्त्यावर रक्कम भरा, असे कोणी सांगत असेल, तर तिथे एक छदामही भरू नये. ही फसवणुकीची ठरलेली चाल आहे.

मोठ्या रकमेपूर्वी थोडे पाठवून पाहण्याचा प्रघात इथे उपयोगाचा नाही, कारण चाचणीचीच फी उरलेली रक्कम खाऊन टाकते. त्यामुळे पत्ता नक्कल करून चिकटवल्यावर केवळ पहिली-शेवटची अक्षरे न पाहता मधलीही जुळवावीत, लागू असल्यास मेमो किंवा टॅग भरावा आणि विनंतीनंतर व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. एक्स्चेंजने विनंती नाकारली आणि व्यवहार क्रमांकच दिसत नाही, तर रक्कम बाहेर पडलेली नसते. ती उपलब्ध शिल्लकेत परतली की अडकलेल्या रकमेच्या रकान्यात राहिली, ते पाहावे आणि अडकलेली दिसल्यास विनंतीची वेळ व क्रमांक देऊन ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार नोंदवावी.