‘हक्क’ म्हणजे अधिकार नव्हे : अकीदा वाचायला बसणाऱ्यांसाठी

अरबी व्याकरणाचं पहिलं वर्ष संपल्यावर आम्हाला नजमुद्दीन नसफी यांचा अकीदा वाचायला दिला. अकीदा म्हणजे मुसलमानाने काय मानायचं याचा नेमका मसुदा. नसफी ११४२ साली समरकंदला वारले. त्यांचा हा मजकूर जेमतेम काही पानांचा आहे आणि आपल्याकडच्या मदरशांतही तो तफ्ताझानींच्या भाष्यासकट शिकवत आले आहेत. मृत्यूनंतरच्या गोष्टी त्यात इतक्या थोडक्यात येतात की पहिल्या दिवशी मला वाटलं, हा भाग तासाभरात उरकेल.

‘वल्-वझ्नु हक्कुन’ हे वाक्य मी वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने वाचलं आणि ‘वजन करणं हा हक्क आहे’ असं भाषांतर केलं. सर म्हणाले, ‘‘कुणाचा हक्क? वाण्याचा?’’ आपल्या मराठीत हक्क म्हणजे अधिकार, पण इथे अर्थ ‘खरं आहे, घडणारच’ असा. पुनरुत्थान हक्क, तोलणं हक्क, कर्मांची वही हक्क, नरकावरचा पूल हक्क. प्रत्येक वाक्य दोन शब्दांचं. कसं होणार, यावर नसफी अवाक्षर काढत नाहीत. ती बाजू भाष्यकार आणि विरोधक यांच्या वादात सापडते, म्हणून मूळ मजकूर आणि भाष्य शेजारी शेजारी ठेवूनच वाचा.

दुसरी चूक लेखी होती. निबंधात मी लिहिलं, ‘कबरीत मुन्कर आणि नकीर हे दोन फरिश्ते येऊन प्रश्न विचारतात.’ खाली लाल शाईत शेरा आला : ‘कोण म्हणतं?’ तेव्हापासून मी ‘नसफींच्या मते’, ‘सुन्नी श्रद्धेनुसार’ असं कर्त्यासकट लिहितो. हा केवळ शिष्टाचार नाही. कबरीतली शिक्षा, सुख आणि प्रश्न ‘ऐकीव प्रमाणांनी’ सिद्ध आहेत, असं नसफी स्वतःच म्हणतात. म्हणजे कुराण आणि हदीस यांच्या आधारे. बुद्धीचं काम तिथे एवढंच, की ही गोष्ट अशक्य नाही हे दाखवणं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हमखास पडणारा प्रश्न मलाही पडला : ज्याला पुरलंच नाही, त्याचं काय? तफ्ताझानींनी बुडालेला माणूस, जनावरांनी खाल्लेला माणूस अशी उदाहरणं घेतली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की देहाच्या अंशांत सुखदुःख जाणवेल एवढं जीवन ईश्वर निर्माण करू शकतो. ते आपल्याला दिसलं पाहिजे असं नाही. पुनरुत्थानाचा युक्तिवादही याच वळणाचा आहे. कुजलेल्या हाडांना कोण जिवंत करणार, या प्रश्नाला कुराणात उत्तर येतं की ज्याने पहिल्यांदा घडवलं तोच.

खरी मजा तराजूत आहे. मुतझिला पंथाच्या विचारवंतांचा आक्षेप असा : प्रार्थना केली, खोटं बोललो, ते त्या क्षणी होऊन गेलं. कर्म ही काही वस्तू नाही, मग पारड्यात ठेवणार काय? शिवाय ईश्वराला सगळं ठाऊकच आहे, तर तोलायचं कशाला? म्हणून मीझान म्हणजे हा तराजू न्यायाचं रूपक मानावा, असं त्यांचं म्हणणं. ते परलोक नाकारत नव्हते. हे न कळल्यामुळे परीक्षेत माझे मार्क गेले. तफ्ताझानींचं उत्तर हदीसवर उभं आहे : तोलल्या जातात त्या कर्मांच्या नोंदी. तिर्मिझींच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एका माणसाच्या पापांच्या ९९ गुंडाळ्या, प्रत्येक नजर पोचेल तितकी लांब, एका पारड्यात. दुसऱ्यात श्रद्धेची साक्ष लिहिलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीचं पारडं खाली जातं. तोलण्यामागचा हेतू काय, यावर तफ्ताझानी म्हणतात की असेल काही, आपल्याला कळलाच पाहिजे असं नाही. मला हे उत्तर आधी पळवाट वाटलं होतं. पण ‘ऐकीव प्रमाण’ ही पायरी एकदा धरली, की ते त्यांच्या चौकटीत बसतं.

शफाअत म्हणजे ईश्वरापुढे दुसऱ्यासाठी केलेली रदबदली. ती शिकताना ‘वशिला’ हा मराठी शब्द डोक्यातून काढून टाका. वशिल्याचा माणूस साहेबाला न विचारता शब्द टाकतो. इथे ईश्वराच्या परवानगीशिवाय कोणी तोंडच उघडू शकत नाही, असं कुराणातल्या २:२५५ या आयतीत आहे. नसफींच्या मते प्रेषित आणि सज्जन यांची ही रदबदली मोठी पापं केलेल्या श्रद्धावंतांसाठीही आहे. मुतझिलांना नेमकं हेच मान्य नव्हतं. पश्चात्ताप न करता मेलेला महापापी नरकातून सुटत नाही, असं ते धरून चालत. मग शफाअत उरते ती सज्जनांचं बक्षीस वाढवण्यापुरती. म्हणजे हा वाद वरवर मध्यस्थीचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी पापी माणूस श्रद्धावंत राहतो की नाही हा प्रश्न आहे, आणि नसफींनी श्रद्धेच्या व्याख्येचं प्रकरण शफाअतीला लागूनच का घेतलं ते मला दुसऱ्या वाचनात कळलं.