‘बुलेट नकोत’ म्हटल्यावर पडद्याचा अंदाज बाजूला ठेवावा
चॅटबॉटसाठी सूचना लिहिताना, उत्तर कोणत्या पडद्यावर दिसेल याचा अंदाज बांधून आपण मांडणी ठरवतो. परंतु वापरकर्त्याने ‘बुलेट नकोत’ असे सांगताच तो अंदाज बाजूला ठेवावा, मग त्या पडद्यावर बुलेट कितीही नीट उमटत असोत. ही पसंती एका उत्तरापुरती नसून त्याने स्वतः बदलेपर्यंत लागू राहते, हे सूचनेत स्पष्ट लिहावे. चॅटबॉटची चूक बहुधा काही उत्तरांनंतर, पायऱ्या सांगायची वेळ आली की दिसते: बुलेटच्या जागी `1.`, `2.` येतात, आणि माझ्या मते तीही यादीच आहे. त्याऐवजी ‘आधी राउटर बंद करा, 30 सेकंदांनी पुन्हा सुरू करा आणि दिवे स्थिर झाल्यावर मग फोन जोडा’ अशी क्रम दाखवणारी सलग वाक्ये लिहायला सांगावे.