ब्रेकरवर ब्रेक धरून जाताय? उभं राहून काही उपयोग नाही

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या मागोमाग गगनबावड्याला निघालो होतो. तो पुढे, मी वीस-पंचवीस फूट मागे. फुलेवाडी सोडली आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक गतिरोधकावर तो फूटरेस्टवर उभा राहत होता, अगदी ऐटीत, पण त्याचा मागचा लाल दिवा पुढचं चाक ब्रेकरवर चढेपर्यंत पेटलेलाच असायचा. कळ्याच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा 'खट्ट' असा लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज मला मागे हेल्मेटमध्ये ऐकू आला. चहाला थांबलो तेव्हा त्याचं म्हणणं, "मामा, मी तर हळूच गेलो की, आणि उभापण होतो." मी वाकून पुढच्या फोर्कच्या नळीवरून बोट फिरवलं. उजव्या बाजूला तेलाचं कडं आलं होतं. सील गेलं होतं. ते तेल ओघळत खाली डिस्कपर्यंत पोचलं असतं तर घाटात पुढचा ब्रेक लागलाच नसता.

ब्रेक धरूनच ब्रेकरवर चढायची ही चूक मी रोज बघतो. रंकाळ्याकडून येताना बघतो, राजारामपुरीत बघतो, आणि वर्षानुवर्षं गाडी चालवणारी माणसंही ती करतात. साध्या दीडशे सीसी गाडीच्या पुढच्या फोर्कला दबायला जागा असते साधारण १२० ते १३० मिलिमीटर. तुम्ही नुसते बसलात की त्यातली तीस-चाळीस मिलिमीटर जाते. पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी नाक खाली घालते आणि आणखी पन्नासेक मिलिमीटर संपते. म्हणजे चाक ब्रेकरला भिडतं तेव्हा धक्का खायला फोर्ककडे दोन-तीन बोटं जागा उरलेली असते. बाकीचा धक्का सील, हँडलचा कोनसेट, रिम आणि तुमची मनगटं खातात. शिवाय ब्रेक धरलेलं चाक मोकळं फिरत नाही, त्यामुळे ते उंचवट्यावर सहज चढण्याऐवजी त्याला धडकतं.

म्हणून वेग आधी कमी करा. ब्रेकर दिसला की दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून गाडी वीसच्या आसपास आणा, दुसरा गिअर टाका, आणि पुढचं चाक पोचण्याआधी दोन गाड्यांइतकं अंतर राहिलं की ब्रेक पूर्ण सोडा. वीसच्या वेगाला ते अंतर कापायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात फोर्क परत वर येतो. मग थ्रॉटल किंचित धरून ठेवा, क्लच दाबू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या IRC:99 या १९८८ च्या मार्गदर्शक नियमांत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येतो, असं मोजमाप दिलं होतं. आपल्या गल्लीबोळांत लोकांनी रातोरात घातलेले उंबऱ्यासारखे ब्रेकर त्यात बसत नाहीत. तिथे पहिला गिअर आणि दहाचा वेग. हॉर्न वाजवणारा मागे असला तरी असू दे.

खड्ड्याचंही तेच. चुकवायला जागा नाही हे कळलं की शेवटच्या क्षणी घाबरून ब्रेक दाबायचा नाही, जो वेग कमी करायचा तो काठाच्या आधी. ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉलीशेजारी खड्डा चुकवायला एकदम बाहेर झेप घेणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे खोली माहीत नाही. तिथे वेग आणखी कमी.

आता उभं राहण्याबद्दल. इथेही पोरांची घाई नडते. गुडघे ताठ, हँडल घट्ट धरून ओढलेलं, छाती पुढे. हे उभं राहणं नाही, हा खांब आहे, आणि धक्का खांबातून सरळ कमरेत जातो. शिवाय हात ताणलेले असले की पुढच्या हिसक्याला थ्रॉटल आपोआप फिरतो आणि गाडी उडी मारते. मी सीटपासून फक्त तीन-चार इंच उठतो. पायाचा मधला भाग फूटरेस्टवर, गुडघे वाकलेले आणि टाकीला चिकटलेले, ढुंगण किंचित मागे, कोपर सैल. हँडलवर वजन शून्य. बोटं उघडून बघायची: हात न धरता क्षणभर तोल राहिला पाहिजे. नाही राहिला तर तुम्ही हँडलला लटकलाय.

आणि लवकर बसू नका. दोन चाकांत सव्वा-दीड मीटर अंतर असतं. वीसच्या वेगाला मागचं चाक पाव सेकंदाने ब्रेकरवर येतं, दहाच्या वेगाला अर्ध्या सेकंदाने. पुढचं चाक उतरलं की 'झालं' म्हणून सीटवर टेकणारा माणूस नेमका मागच्या चाकाच्या धक्क्यावर बसतो आणि तो धक्का माकडहाडाला लागतो. कंबर धरलेले बरेचजण मला हेच सांगतात की उभं राहूनही दुखतं. मी मागच्या चाकाचा दणका पायांना जाणवेपर्यंत टेकत नाही.

मागे माणूस असेल तर हिशोब वेगळा. मागचा माणूस उभा राहू शकत नाही, आणि तो जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो, म्हणून सगळ्यात मोठा धक्का त्यालाच. माझी आई मागे असली की मी "आई, ब्रेकर" म्हणून आधी सांगतो आणि वेग दहावर आणतो. स्कूटरवाल्यांनीही वेगावरच भर द्यावा. टाकी नाही, गुडघ्यांना आधार नाही.

काही चुका थोडक्यात. ब्रेकर तिरका ओलांडू नका, दुचाकी सरळच घ्या. कडेला पाण्यासाठी सोडलेल्या फटीतून निसटणारे वाळूवर घसरतात, शिवाय तिथेच माणसं चालत असतात. मागचा शॉकअप कडक करून ब्रेकर मऊ होत नाही, एकट्या माणसाला उलट जास्त उडवतो. टायरमधली हवा कमी करून आराम शोधू नका, खड्ड्याच्या काठावर रिम चेपते.

भाच्याचं सील बदलून आणल्यावर मी त्याला पाच मिनिटांचा उपाय दाखवला. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर सीलच्या अगदी वर एक प्लॅस्टिकचा केबल टाय सैलसर, पण घसरणार नाही असा बांधायचा. फोर्क दबला की तो वर सरकतो आणि जिथे पोचला तिथेच थांबतो. घराजवळच्या एकाच ब्रेकरवरून त्याला दोनदा पाठवला. ब्रेक धरून गेला तेव्हा टाय नळीच्या वरच्या टोकापासून बोटभर खाली थांबला. टाय खाली ढकलून परत पाठवला, या वेळी ब्रेक आधी सोडून, त्याच वेगाने. टोकापर्यंत चार बोटं जागा शिल्लक होती. त्याने वाकून दोन्ही वेळा बोटं लावून मोजलं, आणि मग स्वतःच तिसऱ्यांदा जाऊन आला.